पालकात कार्बेन्डाझिमची रिकव्हरी पुन्हा पुन्हा निम्म्यावर येते: दोष अर्क काढण्यात की क्लीनअपच्या काळ्या कार्बनमध्ये?

थंडी सुरू झाली की इंदूरच्या चोइथराम मंडीतून पालक, मेथी, कोथिंबीर यांचे नमुने वाढतात आणि त्यांच्याबरोबर एक जुनी तक्रारही परत येते. बॅचमध्ये पन्नासएक कीटकनाशकं ठरावीक प्रमाणात मुद्दाम घालून ती शेवटी किती टक्के परत मिळतात, म्हणजे रिकव्हरी, ते पाहतो. इमिडाक्लोप्रिड ठीक, अ‍ॅसिटामिप्रिड ठीक, अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन ठीक, इंटरनल स्टँडर्ड म्हणून घातलेलं ट्रायफिनाइल फॉस्फेटही जागेवर. फक्त कार्बेन्डाझिम आणि थायाबेंडाझोल चाळीस-पन्नास टक्क्यांवर अडकतात. पुढच्या आठवड्यात तीच पद्धत, तोच माणूस, तेच मशीन, आणि कार्बेन्डाझिम पंचाहत्तर टक्के येऊन पास. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा नापास.

अशा वेळी पहिला संशय मशीनवर जातो. कॉलम बदलतात, सोर्स धुतात, स्टँडर्ड नव्याने बनवतात. त्यानं काही दिवस बरं वाटतं, कारण पुढची भाजी योगायोगानं वेगळी असते. माझ्या पाहण्यात या विशिष्ट तक्रारीचं मूळ मशीनमध्ये क्वचितच असतं. ते क्लीनअपच्या नळीत असतं. पण ते गृहीत धरून चालू नये, सिद्ध करून घ्यावं. त्यासाठी अर्धा दिवस पुरतो.

आधी पद्धत कोणती ते स्पष्ट करते. आपण बहुतेक जण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या क्वेचर्सचंच कुठलं तरी रूप वापरतो. युरोपीय मानकातलं सायट्रेट रूप असं आहे: १० ग्रॅम बारीक केलेली भाजी, १० मिली अ‍ॅसिटोनायट्राइल, एक मिनिट जोरात हलवणं. मग ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि अर्धा ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट, पुन्हा लगेच एक मिनिट हलवणं, सेंट्रिफ्यूज. वरचा थर अ‍ॅसिटोनायट्राइलचा, त्यात आपली कीटकनाशकं. पालकात पाणी भरपूर असतं म्हणून वेगळं पाणी घालावं लागत नाही.

त्या वरच्या थराचा रंग पालकात गडद बाटलीहिरवा असतो. क्लीनअपला तो थर एका छोट्या नळीत घेतात. तिथे पीएसए साखर, सेंद्रिय आम्लं, फॅटी आम्लं धरतं, मॅग्नेशियम सल्फेट उरलेलं पाणी शोषतं, आणि हिरव्या भाजीसाठी ग्राफाइटचा काळा कार्बन, म्हणजे जीसीबी, क्लोरोफिल ओढून घेतो. गडबड या तिसऱ्यात आहे.

ग्राफाइटच्या पृष्ठभागावर षटकोनी कड्यांचे सपाट थर असतात. क्लोरोफिलच्या रेणूचा मुख्य भाग मोठा आणि सपाट, म्हणून तो त्या पृष्ठभागाला पाटावर ओल्या पापडासारखा चिकटून बसतो. पण कार्बनला भाजीचा रंग आणि कीटकनाशक यातला फरक कळत नाही, त्याला फक्त सपाटपणा कळतो. कार्बेन्डाझिम सपाट आहे, थायाबेंडाझोल सपाट आहे, सायप्रोडिनिल आणि क्लोरोथॅलोनिल याच कुळातले, हेक्झाक्लोरोबेन्झीनही. इमिडाक्लोप्रिडचा रेणू मधेच वळलेला, त्याला पूर्ण टेकून बसता येत नाही. म्हणूनच पन्नासातले मोजकेच पडतात. पडणाऱ्यांची यादी सपाट रेणूंची असेल तर निम्मं निदान तिथेच झालं.

आता सिद्ध कसं करायचं. एकच स्वच्छ पालक घ्या, ज्यात कार्बेन्डाझिम नाही हे आधी पाहिलेलं आहे. ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं स्पाइक द्रावण बनवा. चार गोष्टी तयार करायच्या.

क नळीत अर्क काढण्यापूर्वीच, १० ग्रॅम पालकात १०० मायक्रोलिटर स्पाइक घाला. ही भाजीत ०.०५ मिग्रॅ प्रति किलो पातळी झाली. पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवा आणि मग पूर्ण पद्धत चालवा.

ख नळीत साध्या पालकाचा कच्चा अर्क घ्या आणि क्लीनअपच्या आधी दर मिलीला १० मायक्रोलिटर स्पाइक घाला. आकडा जुळतो: १० ग्रॅमला १० मिली अर्क, म्हणून दोन्हीकडे पातळी ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति मिली.

ग मध्ये साध्या पालकाच्या अर्काचं क्लीनअप पूर्ण करून, तयार झालेल्या स्वच्छ अर्कात दर मिलीला तेवढंच स्पाइक.

घ म्हणजे तीच पातळी नुसत्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये.

स्पाइकनं आकारमान किंचित वाढतं, म्हणून ज्या नळीत त्या टप्प्यावर स्पाइक जात नाही तिथे तेवढंच साधं अ‍ॅसिटोनायट्राइल घाला. प्रत्येकाच्या किमान तीन प्रती करा, एकेरी आकड्यावर निर्णय घेऊ नका.

वाचायचं असं. क ला ख नं भागलं की अर्क काढण्याचा टप्पा किती देतो ते कळतं. ख ला ग नं भागलं की क्लीनअप किती गिळतं ते. ग ला घ नं भागलं की भाजीमुळे मशीनचा सिग्नल किती दबतो ते. एकाच रिकव्हरीच्या आकड्यात हे तिन्ही मिसळलेले असतात, म्हणून नुसत्या त्या आकड्याकडे पाहून भांडण मिटत नाही.

एक उदाहरण पूर्ण मोजून दाखवते. हिवाळी पालक, कार्बेन्डाझिमसाठी घ चा सिग्नल १०० धरला तर ग ८८, ख ४३, क ४१. त्याच नळ्यांत इमिडाक्लोप्रिडचे ग ८५, ख ८४, क ८०.

कार्बेन्डाझिमचं क भागिले ख म्हणजे ९५ टक्के. अर्क काढणं उत्तम आहे, मिक्सर, हलवणं, मीठ, सगळं निर्दोष. ग भागिले घ ८८ टक्के, म्हणजे सिग्नल १२ टक्के दबतोय. युरोपीय संघाच्या सांते मार्गदर्शिकेत वीस टक्क्यांपर्यंतचा मॅट्रिक्स परिणाम किरकोळ मानतात, त्यामुळे मशीनही सुटलं. ख भागिले ग मात्र ४९ टक्के. निम्मं कार्बेन्डाझिम त्या छोट्या नळीतच राहिलं. इमिडाक्लोप्रिडचा तोच भागाकार ९९. आता कॉलम बदलायची गरज नाही हे वरिष्ठांना आकड्यांनिशी सांगता येतं.

उलटं चित्र आलं, म्हणजे ख भागिले ग चांगलं आणि क भागिले ख वाईट, तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. तेव्हा भाजी नीट बारीक झाली का आणि मीठ घातल्यावर लगेच हलवलं का, हे पाहा. मॅग्नेशियम सल्फेट पाणी पिताना तापतं आणि नळी पडून राहिली तर त्याचा दगड होतो. त्या दगडात पाणी आणि भाजी अडकून बसते.

वरच्या उदाहरणाकडे परत येते, कारण खरं कारण नळीच्या लेबलवर छापलेलं होतं. "हिरव्या भाज्यांसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार नळ्या एकसारख्या नसतात. युरोपीय मानकाच्या धाटणीच्या नळीत एक मिली अर्काला फिकट हिरव्या भाजीसाठी २.५ मिग्रॅ आणि पालकासारख्या गडद भाजीसाठी ७.५ मिग्रॅ जीसीबी असतो. अमेरिकी एओएसी धाटणीच्या नळीत एक मिली अर्काला ५० मिग्रॅ जीसीबी येतो. जवळजवळ सातपट. दोन्ही नळ्या बाहेरून सारख्या काळ्या, दोन्हींवर हिरव्या पानाचं चित्र. खरेदी विभागानं जी स्वस्त किंवा लवकर मिळाली ती आणली, आणि पद्धतीच्या कागदावर फक्त "जीसीबी असलेली डीएसपीई नळी" एवढंच लिहिलेलं. तुमच्या कपाटातलं पाकीट आत्ता काढून बघा. नळीत जीसीबी किती मिग्रॅ आहे आणि अर्क किती मिली जातो ते पाहा, आणि जीसीबीच्या मिग्रॅला अर्काच्या मिलीनं भागा. मिलीमागे दहाच्या वर गेला तर कार्बेन्डाझिमबद्दल सावध व्हा.

मग एका आठवड्यात पास आणि दुसऱ्यात नापास का? या प्रश्नाशी लोक सगळ्यात जास्त झगडतात, आणि उत्तर पालकात आहे. कार्बनच्या पृष्ठभागावर जागा मोजकी. गडद पानात क्लोरोफिल इतकं असतं की बहुतेक जागा तेच अडवतं, कार्बेन्डाझिमला चिकटायला फारसं उरत नाही. पान कोवळं, फिकट असलं, किंवा देठ जास्त आले, की क्लोरोफिल कमी, जागा मोकळी, आणि कार्बेन्डाझिम तिथे जाऊन बसतं. म्हणजे भाजी जितकी फिकट तितकं नुकसान जास्त. आपल्याला उलट वाटत असतं, की गडद भाजी अवघड. तीच ५० मिग्रॅची नळी दुधी किंवा कोबीच्या अर्कावर चालवली तर कार्बेन्डाझिम पालकापेक्षाही खाली जातं, कारण तिथे स्पर्धेला कुणी नाहीच. म्हणून वैधता-चाचणी एका गडद पालकावर करून तीच नळी सगळ्या भाज्यांना लावणं धोक्याचं आहे.

यातूनच डोळ्यानं पाहायची एक खूण मिळते. क्लीनअपनंतर अर्क पाण्यासारखा नितळ दिसला की आपल्याला आनंद होतो. सपाट कीटकनाशकं शोधायची असतील तर तो आनंद करू नये. क्लीनअपनंतरही अर्कात हिरवी किंवा पिवळसर छटा थोडी तरी दिसली पाहिजे. ती दिसते म्हणजे कार्बनची जागा रंगानं भरलेली आहे, आणि सपाट कीटकनाशकं मोठ्या प्रमाणात गेलेली नाहीत. पांढऱ्या कागदासमोर नळी धरून पाहायला काहीच खर्च नाही. आमच्याकडे कच्च्या नोंदीत त्या छटेसाठी एक रकानाच आहे, आणि नितळ अर्क आला की नवी मुलंसुद्धा विचारतात, "ताई, हा जरा जास्तच स्वच्छ नाही का झाला?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

जीसी चालवणाऱ्यांसाठी याहून पक्की खूण आहे. अँथ्रासीन हा तीन कड्यांचा, पूर्ण सपाट रेणू. तो क्लीनअपच्या आधी अर्कात घालून ठेवा. त्याची रिकव्हरी ७० टक्क्यांच्या वर असेल तर त्या नमुन्यात कार्बननं सपाट कीटकनाशकांचं फारसं नुकसान केलेलं नाही. ट्रायफिनाइल फॉस्फेट हे काम करत नाही. त्याची तीन कडी तीन दिशांना पसरलेली असतात, कार्बन त्याला सहसा अडवत नाही, म्हणून ते शंभर टक्के येतं आणि आपल्याला खोटा दिलासा देतं.

दिलाशाचे आणखी दोन खोटे मार्ग सांगते, कारण यांच्यामुळे हा दोष अनेक महिने झाकून राहतो. पहिला, कार्बेन्डाझिम-डी४ सारखं लेबल केलेलं स्टँडर्ड. ते कार्बनला तितकंच चिकटतं, म्हणून गणितात रिकव्हरी सुंदर शंभर दाखवते. गणित खोटं नसतं, पण सिग्नल निम्मा झालेला असतो, आणि ०.०१ मिग्रॅ प्रति किलोच्या पातळीवर निम्मा सिग्नल म्हणजे पीक दिसेल की नाही याचा प्रश्न. डी४ वापरा, पण त्याचं स्वतःचं क्षेत्रफळ बॅचगणिक कागदावर उतरवा. ते अचानक घसरलं की कारण शोधा.

दुसरा, मिश्र स्पाइक. थायोफेनेट-मिथाइल आणि बेनोमिल हे दोन्ही तुटून कार्बेन्डाझिमच होतात, बेनोमिल तर द्रावणात फार लवकर. ते तुमच्या मिश्रणात असतील तर कार्बेन्डाझिमची रिकव्हरी फुगते, आणि कार्बनमध्ये गेलेलं नुकसान भरून निघाल्यासारखं दिसतं. वरची चार नळ्यांची तपासणी करताना कार्बेन्डाझिम या दोघांपासून वेगळं ठेवा.

आता दुरुस्ती. पहिली आणि बहुधा पुरेशी दुरुस्ती म्हणजे कार्बन कमी करणं. पण एका नळीत ७.५ मिग्रॅ जीसीबी वजन करणं रोजच्या कामात जमत नाही. ती पूड हलकी असते, स्थिर विजेनं उडते, चमच्याला चिकटते. त्यासाठी जीसीबी मॅग्नेशियम सल्फेटमध्ये आधीच मिसळून ठेवावा. गडद भाजीसाठी १ भाग जीसीबी आणि १९ भाग मॅग्नेशियम सल्फेट वजनानं. या मिश्रणाचे १५० मिग्रॅ घेतले की त्यात ७.५ मिग्रॅ जीसीबी आपोआप येतो. फिकट भाजीसाठी १ भागाला ५९ भाग, मग १५० मिग्रॅमध्ये २.५ मिग्रॅ. सहा मिली अर्क घ्यायचा असेल तर हे मिश्रण ९०० मिग्रॅ आणि पीएसए १५० मिग्रॅ. मिश्रण बंद बाटलीत बराच वेळ फिरवत मिसळा, रंग सगळीकडे एकसारखा राखाडी दिसला पाहिजे, पांढरे ठिपके राहता कामा नयेत. पावसाळ्यात ही बाटली डेसिकेटरमध्ये ठेवा, नाहीतर मॅग्नेशियम सल्फेट ओल धरतं, मिश्रणाचे खडे होतात आणि वजनाचा हिशेब कोलमडतो.

मग ख, ग आणि घ एवढ्याच पुन्हा करा, क ची गरज नाही, अर्क काढणं आधीच पास झालेलं आहे. वरच्या उदाहरणातल्या पालकावर मिलीमागे ७.५ मिग्रॅ कार्बननं कार्बेन्डाझिमचा ख भागिले ग ९१ टक्क्यांवर आला. अर्क अर्थात फिकट हिरवा राहिला. ग भागिले घ ८८ वरून ८१ ला उतरला, म्हणजे सिग्नल आता १९ टक्के दबतो, वीसच्या मर्यादेला अगदी टेकून. हा सौदा मला मान्य आहे. दबलेला सिग्नल मॅट्रिक्स-मॅच्ड कॅलिब्रेशननं, म्हणजे साध्या भाजीच्या साफ केलेल्या अर्कात बनवलेल्या स्टँडर्डनं, भरून काढता येतो. नळीत राहिलेलं कीटकनाशक मशीनपर्यंत पोचतच नाही, त्याला मॅट्रिक्स-मॅच्ड कॅलिब्रेशन काही करू शकत नाही.

काहींना हिरवा अर्क मशीनमध्ये घालायची भीती वाटते. एलसी-एमएस/एमएसवर ती फार मोठी नाही. अर्क पाचपट-दहापट पातळ करून घाला, तेवढी संवेदनशीलता आजच्या मशीनमध्ये कार्बेन्डाझिमसाठी सहसा असते. याहून सोपं म्हणजे सपाट रेणूंसाठी अर्काचा एक हिस्सा जीसीबीशिवाय, फक्त पीएसए आणि मॅग्नेशियम सल्फेटनं साफ करून, पातळ करून चालवणं. जीसीवर मात्र क्लोरोफिल लाइनरमध्ये जळून बसतं, तिथे ही मोकळीक घेऊ नये. जीसीसाठी जुना मार्ग असा, की क्लीनअपच्या वेळी अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये टोल्यूइन मिसळायचं, तीन भागांना एक. टोल्यूइन स्वतः सुगंधी कड्याचं असल्यामुळे कार्बनवरून सपाट रेणू सोडवून आणतं. पण ते थोडं क्लोरोफिलही सोडवतं, नंतर उडवावं लागतं, आणि फ्यूमहुडशिवाय ते करू नये. रोजच्या शंभर नमुन्यांत मी हे सुचवणार नाही.

क्लोरोथॅलोनिलची गोष्ट वेगळी काढावी लागते, कारण तोही सपाट आहे आणि त्याच यादीत पडतो, पण कार्बन कमी केल्यावरही पुष्कळदा वर येत नाही. पीएसए क्षारधर्मी आहे, त्याच्याशी संपर्क आल्यावर अर्काचा पीएच वाढतो, आणि क्लोरोथॅलोनिल, कॅप्टान, फोल्पेट यांना तो सहन होत नाही. ते तुटत जातात. ओळखायचं सोपं आहे: तीच व्हायल संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चालवा. कार्बनमुळे गेलेलं एकदाच जातं, सकाळचा आकडा संध्याकाळच्याइतकाच येतो. पीएचमुळे जाणारं रात्रभर जात राहतं, सकाळचा आकडा खाली असतो. उपाय म्हणजे क्लीनअप होऊन सेंट्रिफ्यूजमधून काढल्याबरोबर अर्क वेगळा करून दर मिलीला ५ टक्के फॉर्मिक आम्लाचं अ‍ॅसिटोनायट्राइलमधलं द्रावण १० मायक्रोलिटर घालणं, पीएच पाचच्या आसपास येतो. नळी पीएसएवर तशीच ठेवून जेवायला गेलात तर नंतर घातलेलं आम्ल गेलेलं परत आणत नाही. कांदा, लसूण, कोबीवर्गीय भाज्यांत तर गंधकाची संयुगं क्लोरोथॅलोनिलला भाजी बारीक करतानाच खातात, तिथे क्लीनअपला दोष देऊ नये.

पद्धतीच्या कागदात बदल करताना "जीसीबी नळी" एवढं न लिहिता मिलीमागे किती मिग्रॅ जीसीबी, कोणत्या भाजीला कोणतं मिश्रण, आणि क्लीनअपनंतर अपेक्षित छटा कोणती, हे लिहा. भाज्यांची वाटणी नावावरून न करता कच्च्या अर्काच्या रंगावरून करा. चोइथराम मंडीतली एकाच दिवशीची दोन ठिकाणची मेथी एक गडद आणि एक पोपटी असू शकते.

आणि जुन्या बॅचचं काय? क्लीनअप झालेल्या व्हायलमधून गेलेलं काही परत येत नाही. पण कच्चा अर्क, म्हणजे मीठ घालून सेंट्रिफ्यूज केल्यावरचा वरचा थर, सायट्रेटमुळे पीएच पाच-साडेपाचच्या दरम्यान असतो आणि उणे २० अंशांवर चांगला टिकतो. तो ठेवलेला असेल तर नुसतं क्लीनअप नव्या मिश्रणानं पुन्हा करा, पूर्ण नमुना पुन्हा दळायची गरज नाही. ज्या अहवालांत कार्बेन्डाझिम "आढळले नाही" असं गेलं आणि ज्यांच्या क्लीनअपला मिलीमागे ५० मिग्रॅची नळी होती, ते आधी घ्या, आणि त्यातही फिकट भाज्यांचे सगळ्यात आधी. कच्चा अर्क ठेवायची सवय नसेल तर आजपासून दर नमुन्याचे दोन मिली वेगळे काढून, लेबल लावून फ्रीझरमध्ये ठेवायला सुरुवात करा.